एक्क्याच्या घरात शून्य

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधून पाच फासे जप्त झाले. दोन लुडोच्या डब्यातले, दोन 'व्यापार'च्या डब्यातले आणि एक कुणाच्या तरी धाकट्या बहिणीच्या खेळण्यातला. रात्री साडेअकराला रेक्टर सर राऊंडला आले, तेव्हा आम्ही चौघे जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडून बसलो होतो. सरांनी फासे उचलले, खिशात टाकले आणि म्हणाले, "हॉस्टेलमध्ये जुगार चालणार नाही."

आम्ही म्हणालो, "सर, पैसे नाहीत यात. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांची ताटं घासायची, एवढंच."

सर दारात थांबले. "पैशांचं नंतर बघू. आधी मला एक सांगा. फासा पडणार त्याच्या मनाने. मग यात तुमचं काय असतं? ते मला पटवून द्या आणि फासे घेऊन जा."

मित्रांनो, त्या वेळी आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आलं नाही. उमरग्याचा म्हणाला, "सर, यात डोकं लागतं." डोकं कुठे लागतं, असं विचारल्यावर तो गप्प. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे. सर, आपणही वाचावा ही विनंती.

आधी खेळ सांगतो, कारण सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. याचं बाजारातलं नाव याट्झी. १९५६ साली अमेरिकेत एडविन लो यांच्या कंपनीने तो या नावाने विकायला काढला. पाच फासे. प्रत्येक डावात तीन वेळा टाकायची मुभा. पहिल्या फेकीनंतर हवे ते फासे बाजूला ठेवायचे आणि उरलेले पुन्हा टाकायचे. दुसऱ्या फेकीनंतर तसंच. तिसऱ्या फेकीनंतर जे समोर असेल ते कागदावरच्या एका घरात लिहायचं. घरं तेरा आणि डावही तेरा. एकदा भरलेलं घर पुन्हा वापरता येत नाही, आणि प्रत्येक डावाला एक घर भरावंच लागतं. काही जमलं नाही तर कुठल्या तरी घरात शून्य लिहायचं.

वरची सहा घरं म्हणजे एक्के, दुऱ्या, तिऱ्या, चौके, पंजे आणि छक्के. त्यात फक्त त्या-त्या आकड्याचे फासे मोजतात. या सहा घरांची बेरीज ६३ झाली की ३५ गुणांचा बोनस. खालच्या भागात तीन सारखे आणि चार सारखे (दोन्हीत पाचही फाशांची बेरीज मिळते), फुल हाऊस म्हणजे तीन एकसारखे आणि दोन एकसारखे (२५), चार आकड्यांची छोटी सिक्वेन्स (३०), पाच आकड्यांची मोठी सिक्वेन्स (४०), पाचही सारखे म्हणजे याट्झी (५०), आणि चान्स. चान्समध्ये काहीही पडलेलं चालतं, सरळ बेरीज लिहायची. एकापेक्षा जास्त याट्झी झाल्यास वरती शंभर देण्याचा नियम आहे, पण आम्ही तो घेत नाही. त्यावरून भांडणं फार होतात.

आता सरांचा प्रश्न. फाशांच्या खेळात आपलं काहीच नसतं, असे खेळ खरंच असतात. पाणिनीच्या व्याकरणावर काशिका नावाची जुनी टीका आहे. तिच्यात 'पंचिका' नावाच्या द्यूताचा उल्लेख येतो. गंमत म्हणजे तेही पाच अक्षांनी किंवा पाच शलाकांनी खेळायचं. टाकल्यावर पाचही उताणे पडले किंवा पाचही पालथे पडले की टाकणारा जिंकला. बस्स. उताणं आणि पालथं पडण्याची शक्यता सारखी धरली, तर बत्तीसपैकी दोनदा, म्हणजे सोळात एकदा जिंकणार. तुम्ही कितीही हुशार असा, सोळात एकदाच. पंचिकेत टाकणाऱ्याला टाकल्यानंतर काही ठरवायचंच नसतं. तिथे सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

याट्झीत मात्र एका डावात तीन वेळा ठरवावं लागतं. पहिल्या फेकीनंतर काय ठेवायचं, दुसऱ्या फेकीनंतर काय ठेवायचं, आणि शेवटी कुठलं घर भरायचं. तेरा डाव, म्हणजे एका खेळात एकोणचाळीस निर्णय. फासे पडतात ते दैवाचं, हे मान्य. पण हे एकोणचाळीस आपले. माझं मत असं, की आपल्यातले बहुतेक जण पहिले सव्वीस निर्णय बऱ्यापैकी घेतात आणि घर भरायच्या तेरा निर्णयांत मार खातात. कारण घर भरताना आपण एकच गोष्ट बघतो. आत्ता किती मिळतात? घर बंद झाल्यावर काय गेलं, हे कुणी बघत नाही.

माझंच उदाहरण देतो. ताटं मीच घासली आहेत, त्यामुळे ते नीट लक्षात आहे.

अकरा डाव झाले होते. वरच्या भागात मला एक्के सोडून ६३ झाले होते, म्हणजे बोनस आधीच खिशात. ६३ आणि ३५ मिळून ९८. फुल हाऊसचे २५, छोट्या सिक्वेन्सचे ३०, तीन सारखेमध्ये १८. चार सारखे, मोठी सिक्वेन्स आणि याट्झी या तिन्ही घरांत शून्य. एकूण १७१. दोन घरं शिल्लक होती, एक्के आणि चान्स. बाराव्या डावाच्या तिसऱ्या फेकीनंतर माझ्यासमोर होतं २, ३, ३, ४, ६. एक्का एकही नाही. बेरीज १८.

मी विचारसुद्धा केला नाही. चान्समध्ये १८ लिहून मोकळा झालो. एक्क्यात शून्य लिहिण्यापेक्षा अठरा बरे, हे कुणीही सांगेल. शेवटच्या डावात एक्के काढायचे होते, दोन निघाले. एकूण १९१. भूमचा १९३ वर संपला. दोन गुणांनी मी शेवटचा.

नळावर ताटं घासताना परंड्याचा शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लेका, अठरा कशाला लिहिलास? एक्क्यात शून्य टाकायचं होतं की!" मला वाटलं, चिडवायला आलाय. शून्य हे अठरापेक्षा बरं कसं असेल? पण खोलीवर आल्यावर त्याने वही काढली आणि दहा मिनिटांत मला गप्प केलं. तो हिशोब इथे देतो. त्यासाठी बारावीचं गणित पुरतं.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. पहिली, आत्ता चान्समध्ये १८ आणि पुढच्या डावात एक्के. दुसरी, आत्ता एक्क्यात शून्य आणि पुढच्या डावात चान्स. दोन्हीकडे एक पूर्ण डाव शिल्लक राहतो. तेव्हा प्रश्न एवढाच, की एका पूर्ण डावात एक्क्यांच्या घरात सरासरी किती मिळतात आणि चान्समध्ये किती?

एक्के सोपे आहेत. एक फासा तीन वेळा टाकला आणि तिन्ही वेळा एक्का आला नाही, याची शक्यता ५/६ चा घन, म्हणजे १२५/२१६. म्हणून एक्का मिळण्याची शक्यता ९१/२१६, सुमारे ०.४२. पाच फाशांचे मिळून सरासरी २.१ एक्के. म्हणजे त्या घराची एका डावाची कमाई २.१ गुण.

चान्स मागून मोजायचा. शेवटची फेक राहिली असेल तर एका फाशाची सरासरी साडेतीन. म्हणून दुसऱ्या फेकीनंतर चार, पाच, सहा ठेवायचे आणि एक, दोन, तीन पुन्हा टाकायचे. असं खेळलं तर दोन फेकी हातात असलेल्या फाशाची किंमत किती? तीन बाजूंना साडेतीन, बाकी तीन बाजूंना चार, पाच आणि सहा. बेरीज साडेपंचवीस, भागिले सहा, म्हणजे सव्वाचार. आता गंमत बघा. पहिल्या फेकीत चौका पडला तर तो चारचा आहे, पण पुन्हा टाकला तर सव्वाचारचा. म्हणून पहिल्या फेकीनंतर चौकासुद्धा उचलायचा आणि फक्त पंजे-छक्के ठेवायचे. चार बाजूंना सव्वाचार, शिवाय पाच आणि सहा, बेरीज अठ्ठावीस, भागिले सहा, म्हणजे ४.६७. पाच फाशांचे २३.३३.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवा. पहिली वाट १८ अधिक २.१, म्हणजे २०.१. दुसरी वाट शून्य अधिक २३.३, म्हणजे २३.३. शून्य लिहिणारा सरासरी तीन गुणांहून जास्त पुढे आहे! माझे १७१ धरले तर पहिल्या वाटेने १९१ च्या आसपास, दुसऱ्या वाटेने १९४ च्या आसपास. भूमचा होता १९३ वर.

अर्थात, दुसऱ्या वाटेने मी नक्की वाचलो असतो असं नाही. चान्समध्ये सोळाही पडू शकले असते आणि ताटं तरीही मलाच घासावी लागली असती. पण निर्णय चुकला होता, हे त्यावर अवलंबून नाही. निकाल कळण्याआधीच तो चुकलेला होता.

ही चूक कुठपर्यंत चूक आहे, तेही बघू. समोर एक्का नसेल आणि बेरीज २२ असेल, तर चान्सची वाट २४.१ ची होते, म्हणजे चान्सच लिहायचा. २१ ला ती २३.१ होते आणि शून्याची वाट केसभर पुढे राहते. म्हणजे सीमा २१ आणि २२ च्या मधे आहे. या सीमेला मी त्या घराची किंमत म्हणतो. चान्सचं घर बंद करताना तुम्ही २३.३ ची वस्तू देऊन टाकता. एक्क्याचं घर बंद करताना फक्त २.१ ची. एक्क्याचं घर स्वस्त आहे. आणि घरात स्वस्तातलं एखादं भांडं असतं ना, ज्यात उष्टं-खरकटं टाकायला काही वाटत नाही, तसा त्याचा उपयोग करायचा असतो. पण आपण त्याच भांड्याला जपतो आणि चांगल्या पातेल्यात खरकटं टाकतो.

आता फासे ठेवण्याकडे येऊ. घरांची किंमत कळली की कुठले फासे ठेवायचे, हेही बदलतं. या हिशोबाची चर्चा विंगभर झाल्यावर परंड्याच्याने सगळ्यांना एक प्रश्न घातला. तीच दोन घरं शिल्लक, एक्के आणि चान्स. बारावा डाव, दुसरी फेक झालेली, आणि समोर १, १, ४, ५, ६. काय ठेवाल?

आठ जणांना विचारलं. सात जण म्हणाले, चार-पाच-सहा ठेवायचे, एक्के टाकायचे. छक्का हातात आलेला कोण सोडतो? लोहाऱ्याचा तर म्हणाला, "एक्के कशाला ठेवायलास? दोन गुणांसाठी?"

हिशोब करून बघू. दोन एक्के ठेवून बाकीचे तीन फासे टाकले, तर त्या तीन फाशांत सरासरी अर्धा एक्का आणखी मिळतो. म्हणजे एक्क्यात अडीच आणि पुढच्या डावात चान्सचे २३.३३. एकूण २५.८. आता दुसरी बाजू. चार-पाच-सहा ठेवले तर पंधरा हातात आहेत. दोन फासे टाकल्यावर बावीस किंवा जास्त झाले की साधारणपणे चान्समध्ये लिहायचं, नाही तर ते एक्क्यात ढकलायचं आणि चान्स पुढच्या डावाला ठेवायचा. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता आहेत. प्रत्येकीत जी वाट चांगली ती घेऊन आम्ही बेरीज केली आणि छत्तीसने भागलं. उत्तर आलं २५.०५. चौकाही टाकून फक्त पाच-सहा ठेवले तर तीन फाशांच्या २१६ शक्यता होतात. ते एका रात्रीत दोघांनी मिळून केलं. उत्तर २५.१०. दोन्ही वेळा दोन एक्केच पुढे.

म्हणजे छक्का टाकायचा आणि एक्के ठेवायचे! फरक पाऊण गुणाचा आहे, फार मोठा नाही. पण आठांपैकी सात जण उलट बोलले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फाशावरचा आकडा मोठा म्हणून तो मौल्यवान, असं आपण धरून चालतो. फाशाला स्वतःची किंमत नसते. कुठली घरं उघडी आहेत त्यावरून ती ठरते. एक्क्याचं घर आधीच भरलेलं असतं, तर तेच दोन एक्के कचरा होते.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं शेवटच्या दोन घरांचं झालं. तेरा घरं उघडी असताना काय करायचं? रास्त शंका आहे. तिथे हाताने हिशोब होत नाही, पण रीत तीच आहे, मागून मोजत यायचं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या टॉम व्हेर्हॉफ यांनी १९९९ साली हेच काम कॉम्प्युटरवर तडीस नेलं. तेरा घरांपैकी कुठली भरली आणि कुठली रिकामी, याच्या ८,१९२ तऱ्हा होतात. वरच्या भागाची बेरीज शून्यापासून ६३ पर्यंत, म्हणजे ६४ तऱ्हा. त्यांचा गुणाकार ५,२४,२८८. खेळाच्या मधल्या कुठल्याही क्षणी तुमचा कागद ढोबळमानाने यांपैकी एका अवस्थेत असतो. एक घर शिल्लक असलेल्या अवस्थांची किंमत आधी काढायची, जशी आपण चान्सची २३.३३ काढली. तिच्यावरून दोन घरांची, मग तीन घरांची, असं करत पहिल्या डावापर्यंत यायचं. अल्गोरिदमच्या पेपरला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणून जे आपण घोकतो, ते हेच. शंभराचा जादा बोनस धरून एकट्याने सर्वोत्तम खेळल्यास सरासरी २५४.५९ गुण येतात.

त्या पाच लाख आकड्यांतून हॉस्टेलच्या उपयोगाचं असं मला दोनच गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट तीच, स्वस्त घराची. सर्वोत्तम खेळात एक्क्याच्या घरात सरासरी दोनच्या आसपास गुण पडतात आणि चान्समध्ये बावीसच्या आसपास. समजा, दुसऱ्याच डावात तुमच्यासमोर १, १, ३, ४, ६ असा कचरा आला. चान्समध्ये पंधरा लिहिले, तर त्या घराच्या नेहमीच्या कमाईपेक्षा सात गुण गेले. एक्क्यात दोन लिहिले, तर काहीच गेलं नाही. दिसायला पंधरा मोठे, पण स्वस्त सौदा दोनचा. उलट सहा-सहा-सहा पडले आणि छक्क्यांचं घर उघडं असेल, तर ते एरवी कुठे लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण तिथे अठरा गुण आणि बोनसचा मोठा हिस्सा एकत्र मिळतो.

दुसरी गोष्ट बोनसची. ६३ म्हणजे प्रत्येक घरात तीन-तीन. नवीन मुलं काय करतात, तर डाव सुरू होण्याआधीच ठरवतात, "या डावाला छक्के." आपण वर पाहिलं, की आधीच ठरवलेल्या आकड्याचे तीन फेकींत सरासरी २.१ फासेच मिळतात. तीन किंवा जास्त मिळण्याची शक्यता साडेपस्तीस टक्के. अशाने बोनस कधीच होणार नाही. मग दोनाचे तीन कसे करायचे? आकडा आपण ठरवायचा नाही, फाशांना ठरवू द्यायचा. पहिल्या फेकीत पाचही फासे वेगळे पडण्याची शक्यता जेमतेम नऊ टक्के आहे. म्हणजे दहातल्या नऊ वेळा किमान एक जोडी समोर असते. जी जोडी आली आणि जिचं घर उघडं आहे, तिच्यामागे जायचं. तिऱ्यांची जोडी आली तर आजचा डाव तिऱ्यांचा. हट्ट करायचा नाही. वरच्या घरांत कुठे चार पडले तर ती उधारी एक्क्यातली तूट भरायला उपयोगी येते. चार छक्के पडले तर सहा जादा होतात, आणि एक्के दोन कमी पडल्याचं नुकसान त्यात सहज निघून जातं. म्हणूनही एक्क्याचं घर स्वस्त.

आता या हिशोबाची मर्यादा सांगतो, नाही तर लोक मला पकडतील. वरचं सगळं सरासरीचं आहे. शेवटच्या डावाला तुम्ही चाळीस गुणांनी मागे असाल, तर सरासरी वाढवून काय करणार? तिथे पन्नासच्या याट्झीमागेच धावायला हवं. तीन फेकींत याट्झी व्हायची शक्यता पावणेपाच टक्क्यांच्याही आत आहे, हे माहीत असूनसुद्धा. हरण्याचं अंतर कमी केल्याने ताटं कमी होत नाहीत. तसंच पुढे असाल, तर थोडे कमी पण खात्रीचे गुण बरे. म्हणजे शेवटी-शेवटी समोरच्याचा कागद बघूनच खेळावं लागतं, आणि ते वरच्या आकड्यांत नाही.

आणि सर, तुमच्या प्रश्नातला खरा भागही कबूल करतो. एका रात्रीच्या खेळावरून कोण चांगला खेळला, हे सांगता येत नाही. अगदी सर्वोत्तम खेळणाऱ्याचेही गुण एका खेळातून दुसऱ्यात साठ-साठने वर-खाली होतात. माझी ती चूक तीन गुणांची होती. साठच्या हेलकाव्यात तीन गुण दिसणारसुद्धा नाहीत. पण अशा चुका एका खेळात आठ-दहा होतात, आणि आम्ही सेमिस्टरभर खेळतो. गेल्या परीक्षेआधीचे सगळे कागद परंड्याच्याने जपून ठेवलेत. सगळ्यांत कमी वेळा ताटं कुणी घासली, ते त्यात दिसतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तो फुशारक्या मारेल.

जुगाराचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. डोकं लागतं म्हणून पैसे लावायला हरकत नाही, असा अर्थ यातून कुणी काढू नये. साठचा हेलकावा असलेल्या खेळावर मेसचे पैसे लावणारा माणूस हिशोब शिकलेलाच नाही. खेळ पैशाने झाला तर सरांनी फासे जरूर जप्त करावेत, मी स्वतः आणून देईन.

तर सर, यात आमचं काय असतं, याचं उत्तर असं. फासे पडल्यावर काय ठेवायचं, आणि त्याहून जास्त, कुठे शून्य लिहायचं, हे आमचं असतं. सगळ्यांसमोर कागदावर शून्य लिहायला जिवावर येतं. बाजूचे हसतात, "अरे अठरा होते की!" म्हणून ओरडतात. तरी शांतपणे लिहायचं, कारण चान्सचं घर अजून उघडं आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी सरांना दाखवला. त्यांनी सगळा वाचला, छत्तीस शक्यतांची बेरीज स्वतः पेनाने तपासली, आणि ड्रॉवर उघडून फासे टेबलावर ठेवले. मी उचलणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. समज तीच दोन घरं आहेत, दुसरी फेक झालीय, आणि समोर आहे एक, तीन, पाच, पाच, सहा. काय ठेवशील?"

मी म्हणालो, "सर, बघून सांगतो."

"बघून सांग," सर म्हणाले, आणि फासे पुन्हा ड्रॉवरमध्ये गेले.

वही उघडली आहे. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी रात्री जेवणानंतर खोलीवर यावं. येताना आपापलं ताट घासून यावं.